कॉल सेंटरमधली कर्मचारी गळती: प्रेरणा सिद्धांत वापरून केस स्टडीचं उत्तर कसं लिहावं

एचआरच्या पेपरात कॉल सेंटरची केस आली की बहुतेक उत्तरपत्रिका एकाच वाटेने जातात. आधी मास्लोचा पिरॅमिड, मग हर्झबर्गचे दोन रकाने, मग मॅक्ग्रेगरची एक्स आणि वाय थिअरी, आणि शेवटी 'पगार वाढवावा, कामाची दखल घ्यावी, टीम आउटिंग न्यावी' अशा शिफारशी. हे उत्तर कुठल्याही कारखान्याला, बँकेला किंवा हॉटेलला जसंच्या तसं लागू पडतं, म्हणूनच त्याला मार्क कमी पडतात. परीक्षकाला सिद्धांत पाठ आहेत की नाहीत हे बघायचं नसतं. समोर ठेवलेल्या माहितीतली कुठली गोष्ट कुठल्या सिद्धांताने उलगडते, हे तुम्हाला ओळखता येतं का, ते तो बघतो.

माझं सांगणं एवढंच आहे की सिद्धांताकडे वळण्याआधी 'कोण गेलं' आणि 'किती दिवसांनी गेलं' हे शोधा. विसाव्या दिवशी नोकरी सोडणारा मुलगा आणि दीड वर्षाने सोडणारी मुलगी यांची कारणं सहसा एक नसतात. त्या दोघांना एकाच सिद्धांतात कोंबलं की उत्तर पोकळ होतं.

सरावासाठी मी एक केस रचली आहे. सगळे आकडे काल्पनिक आहेत, पण अशा केसमध्ये साधारण याच प्रकारची माहिती दिलेली असते.

केस

पुण्यातलं एक कॉल सेंटर. घरगुती ब्रॉडबँड देणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांचे कॉल इथे येतात. १ एप्रिलला २०० एजंट होते, पुढच्या ३१ मार्चला २२०. वर्षात १४६ नवे घेतले, १२६ गेले. गेलेल्यांपैकी ५८ जण पहिल्या ९० दिवसांतले, २३ जण तीन महिने ते वर्ष झालेले आणि ४५ जण वर्षाहून जुने. पहिल्या ५८ मधल्या १४ जणांना ट्रेनिंगची परीक्षा पास न झाल्यामुळे कंपनीनेच काढलं.

भरतीच्या जाहिरातीत 'दिवसपाळी, रविवारी सुट्टी' असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ट्रेनिंग संपून फ्लोअरवर गेल्यावर दर आठवड्याला शिफ्ट बदलते आणि रोस्टर शनिवारी संध्याकाळी लागतं. सकाळी सातच्या शिफ्टला कॅब नाही. महिना ३,००० रुपये इन्सेंटिव्ह आहे, पण त्यासाठी एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, म्हणजे एएचटी, ३६० सेकंदांच्या आत हवा. गेल्या तिमाहीत दर शंभरातल्या १२ जणांनाच तो मिळाला. नव्या एजंटला १८,५०० रुपये पगार आहे. चौदा महिने झालेल्यांना १७,५०० आहे, कारण मधल्या काळात बाजारभाव वाढला म्हणून कंपनीने फक्त नव्यांचा पगार वाढवला. एक्झिट फॉर्मवर बहुतेकांनी 'चांगली संधी मिळाली' यावर टिक केलेली आहे. मॅनेजरचं म्हणणं: 'आजकालच्या पोरांना टिकायचंच नसतं. इन्सेंटिव्ह ५,००० करून बघू.'

प्रश्न: प्रेरणा सिद्धांतांच्या आधारे गळतीची कारणं शोधा आणि उपाय सुचवा.

पहिली पायरी: गळती मोजा, मग फोडा

सूत्र सोपं आहे:

गळतीचा दर = (वर्षात सोडून गेलेले ÷ सरासरी कर्मचारी) × १००

सरासरी म्हणजे २०० आणि २२० यांची, २१०. १२६ ला २१० ने भागलं की दर ६० टक्के येतो. बरेच विद्यार्थी छेदात वर्षअखेरचे २२० घेतात आणि आकडा चुकतो.

हा साठचा आकडा लिहून थांबू नका, कारण तो खरी गोष्ट झाकतो. आधी कंपनीने काढलेले १४ बाजूला काढा. त्यांनी नोकरी सोडली नाही, त्यांना काढलं गेलं. त्यांच्या बाबतीत प्रेरणेचा सिद्धांत लावण्यात अर्थ नाही, तिथे निवडप्रक्रिया तपासावी लागते. स्वेच्छेने गेलेले ११२ उरतात, म्हणजे सुमारे ५३ टक्के. हे एक वाक्य उत्तरात आलं की परीक्षकाला कळतं, समोरच्याने केस खरंच वाचली आहे.

आता ११२ जणांचे तीन गट करा: पहिल्या ९० दिवसांत स्वतःहून गेलेले ४४, मधल्या काळातले २३ आणि वर्षानंतरचे ४५. मधला गट सगळ्यात लहान आहे, आणि त्याची मुदत मात्र पहिल्या गटाच्या तिप्पट, नऊ महिन्यांची. म्हणजे गळती सारखी वाहत नाही. ती दाराशी होते, आणि मग माणूस पुरता तयार झाल्यावर पुन्हा होते. निदान या दोन टोकांवर बेतायचं आहे. 'आजकालच्या पोरांना टिकायचंच नसतं' हे मॅनेजरचं म्हणणं इथेच खोटं ठरतं, कारण तसं असतं तर मधल्या गटातही तेवढेच लोक गेले असते. हे उत्तरात जरूर लिहा. केसमधल्या पात्राच्या मताला आकड्याने उत्तर देता येणं ही मोठी जमेची बाजू आहे.

एक्झिट फॉर्मबद्दलही दोन ओळी हव्यात. फॉर्म भरणाऱ्याला फुल अँड फायनल आणि रिलीव्हिंग लेटर हवं असतं, त्यामुळे तो टीम लीडरविरुद्ध काही लिहीत नाही. 'चांगली संधी' तो कुठे गेला ते सांगते, का निघाला ते सांगत नाही. म्हणून त्या टिकमार्कवर निष्कर्ष उभा करू नका.

दुसरी पायरी: पहिल्या ९० दिवसांसाठी हर्झबर्ग

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये द्विघटक सिद्धांत मांडला. असमाधान निर्माण करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि समाधान देणाऱ्या वेगळ्या, हे त्याचं म्हणणं. कंपनीचं धोरण, देखरेख, पगार, सहकाऱ्यांशी संबंध, कामाची परिस्थिती हे आरोग्य घटक. ते बिघडले की माणूस वैतागतो, पण ते सुधारल्याने तो पेटून काम करू लागत नाही. यश, दखल, कामाचं स्वरूप, जबाबदारी, बढती हे प्रेरक घटक.

आपल्या केसमध्ये पहिल्या गटाभोवतीचे पुरावे बघा. फिरती शिफ्ट, शनिवारी संध्याकाळी लागणारं रोस्टर, सातच्या शिफ्टला कॅब नसणं. सगळे आरोग्य घटक आहेत. सोमवारी सकाळी सातला हडपसरला पोचायचं आहे हे पिंपरीत राहणाऱ्या मुलीला शनिवारी संध्याकाळी सहाला कळतं. कॅब नाही, पहिली बस गाठायची तर पहाटे उठायचं, आणि घरी तर 'दिवसपाळी आहे' असं सांगून नोकरी धरलेली. फ्लोअरवरच्या तिसऱ्या आठवड्यात ती येईनाशी होते आणि एचआरच्या शीटमध्ये तिच्या नावापुढे 'अब्स्कॉन्ड' लागतं. या मुलीला 'महिन्याची सर्वोत्तम एजंट' म्हणून फोटो लावून थांबवता येणार नाही, कारण तिचा प्रश्न दखलीचा नाही.

नेमकं हेच उत्तरात यायला हवं: इथे प्रेरक घटकांवर खर्च करणं चुकीच्या जागी औषध लावण्यासारखं आहे. हर्झबर्गचा उपयोग दोन रकाने भरण्यासाठी करू नका, कुठला उपाय लागू पडणार नाही हे सांगण्यासाठी करा.

नमुन्यादाखल एक कच्चा परिच्छेद बघा:

'हर्झबर्गच्या मते आरोग्य घटक आणि प्रेरक घटक असे दोन घटक असतात. या कंपनीत आरोग्य घटक चांगले नाहीत. त्यामुळे कर्मचारी नोकरी सोडतात. कंपनीने ते सुधारावेत.'

यात चूक काहीच नाही, पण केसही कुठे नाही. आता हाच मुद्दा पुराव्यासह:

'स्वेच्छेने गेलेल्या ११२ पैकी ४४ जण पहिल्या ९० दिवसांतले आहेत. जाहिरातीत दिवसपाळी आणि रविवारची सुट्टी लिहिली होती, फ्लोअरवर शिफ्ट दर आठवड्याला बदलते. हर्झबर्गच्या भाषेत हा धोरण आणि कामाच्या परिस्थितीतला बिघाड आहे, म्हणजे असमाधानाचं कारण. तो दूर केल्याने हे कर्मचारी अधिक प्रेरित होतीलच असं नाही, पण सोडून जाण्याचं तातडीचं कारण कमी होईल.'

आकडा, केसमधली वस्तुस्थिती, सिद्धांतातली संकल्पना आणि निष्कर्षाची मर्यादा, या चार गोष्टी याच क्रमाने आल्या आहेत. पुढचे परिच्छेदही असेच बांधा.

उपाय यातूनच निघतात. जाहिरातीत खरी शिफ्ट लिहावी आणि ऑफर देण्याआधी उमेदवाराला दोन तास फ्लोअरवर बसवून कॉल ऐकवावेत. याला वास्तव कार्यदर्शन म्हणतात. काही उमेदवार तिथेच परत जातील, पण ते पाच आठवड्यांच्या ट्रेनिंगनंतर जाण्यापेक्षा बरं. रोस्टर किमान दोन आठवडे आधी लावावं. सातच्या शिफ्टला कॅब द्यावी.

तिसरी पायरी: इन्सेंटिव्हसाठी व्रूम

मॅनेजरला इन्सेंटिव्ह ३,००० वरून ५,००० करायचा आहे. हे चालेल का? इथे व्हिक्टर व्रूमचा १९६४ चा अपेक्षा सिद्धांत कामाला येतो, आणि तो चांगला लिहिला तर उत्तराचा सगळ्यात भक्कम भाग होतो.

व्रूम तीन प्रश्न विचारतो. मी जोर लावला तर टार्गेट होईल का? ही एक्स्पेक्टन्सी. टार्गेट झालं तर बक्षीस खरंच मिळेल का? ही इन्स्ट्रुमेंटॅलिटी. आणि ते बक्षीस मला हवंय का? ही व्हॅलन्स. प्रेरणा म्हणजे या तिघांचा गुणाकार. गुणाकार असल्यामुळे एक जरी शून्याजवळ असेल तर बाकी दोन कितीही मोठे असून उपयोग नाही.

आता केसमध्ये ही माहितीही दिली आहे असं धरा: दर दहा कॉलपैकी चार कॉल लाइन बंद पडल्याचे असतात. एजंटला लाइनची स्थिती स्क्रीनवर दिसत नाही. तो ग्राहकाला होल्डवर ठेवून टेक्निकल डेस्कला विचारतो. त्यात सरासरी १५० सेकंद जातात, आणि असा कॉल एकूण ५४० सेकंदांचा होतो. बाकीचे सहा कॉल सरासरी २९० सेकंदांचे.

हिशेब करा. चार कॉलचे २,१६० सेकंद, सहा कॉलचे १,७४०. एकूण ३,९००, म्हणजे सरासरी ३९०. टार्गेट ३६०. नेहमीच्या वेगाने नीट काम करणारा एजंटही टार्गेटच्या बाहेरच राहतो. टार्गेट गाठायचं तर बाकीचे सहा कॉल सरासरी २४० सेकंदांत संपवावे लागतील, म्हणजे ग्राहकाचं बोलणं तोडावं लागेल. मग तोच ग्राहक दुसऱ्या दिवशी परत फोन करतो.

म्हणजे खोट एक्स्पेक्टन्सीत आहे. शंभरातल्या १२ जणांनाच इन्सेंटिव्ह मिळतो याचं कारण बाकीचे ८८ आळशी आहेत हे नाही. समजावण्यापुरते आकडे धरू: एक्स्पेक्टन्सी ०.२, इन्स्ट्रुमेंटॅलिटी ०.९, व्हॅलन्स ०.८. गुणाकार ०.१४४. मॅनेजरने रक्कम वाढवली आणि व्हॅलन्स अगदी १ झाली तरी गुणाकार ०.१८. त्याऐवजी एजंटच्या स्क्रीनवर लाइनची स्थिती आणली, तर होल्डचे १५० सेकंद वाचतात, लाइनचा कॉल ३९० वर येतो आणि एकूण सरासरी ३३० होते. टार्गेट आवाक्यात आलं. एक्स्पेक्टन्सी ०.७ धरली तर गुणाकार ०.५०४. पैसा वाढवण्यापेक्षा अडथळा काढणं कितीतरी प्रभावी आहे, हे या दोन आकड्यांतून दिसतं. फक्त हे आकडे मोजलेले नसून समजावण्यासाठी धरलेले आहेत, असं उत्तरात लिहायला विसरू नका.

परीक्षेत केसमध्ये सेकंदांचा हिशेब नसेल, तर तो स्वतःच्या मनाने भरू नका. १२ टक्के हा आकडा तेवढा पुरे आहे. 'टार्गेट बहुसंख्यांच्या आवाक्याबाहेर असल्याचा हा संकेत आहे, कारण शोधण्यासाठी कॉलच्या प्रकारानुसार एएचटी तपासावा' असं लिहा.

चौथी पायरी: जुन्यांसाठी ॲडम्स

चौदा महिने काम केलेला एजंट १७,५०० घेतो. त्याच्या शेजारी बसलेला, ज्याला तो रोज कॉल कसा घ्यायचा ते शिकवतो, तो १८,५०० घेतो. पगार कुणी सांगत नाही म्हणतात, पण चहाच्या टपरीवर तो कळतोच.

जे. स्टेसी ॲडम्सने १९६० च्या दशकात समता सिद्धांत मांडला. माणूस आपला पगार नुसता मोजत नाही, आपण दिलं काय आणि मिळालं काय हे प्रमाण दुसऱ्याच्या प्रमाणाशी ताडून बघतो. या एजंटने जास्त दिलं आहे: अनुभव, नव्यांना मदत, अवघड कॉल. त्याला कमी मिळतं आहे. हर्झबर्गने इथे 'पगार हा आरोग्य घटक' एवढंच सांगता येतं. ॲडम्स त्यापुढे जातो, कारण १७,५०० कमी आहेत हा मुद्दाच नाही. शेजाऱ्याला १७,००० असते तर हाच माणूस कदाचित राहिला असता.

या सिद्धांताचा आणखी एक उपयोग आहे. विषमता जाणवली की माणूस काय करतो, हेही तो सांगतो. एक तर आपलं देणं कमी करतो, किंवा जास्त मागतो, किंवा तुलनेचा माणूस बदलतो, किंवा निघून जातो. म्हणून केसमध्ये जुन्या एजंटांच्या अचानक रजा वाढल्याचं, ब्रेक लांबल्याचं, नव्यांना मदत करणं बंद केल्याचं कुठे लिहिलंय का ते शोधा. तसं असेल तर ते राजीनाम्याच्या आधीचं पाऊल आहे, आणि ते ॲडम्सशी जोडून दाखवलं की निदान पक्कं होतं. असं काही नसेल तर तसा दावा करू नका.

पाचवी पायरी: उपायाचा खर्च

इथे बहुतेक उत्तरं ढिली पडतात. धरा, केसमध्ये एका एजंटच्या जागी दुसरा आणण्याचा खर्च ३५,००० रुपये दिला आहे, आणि वर्षाहून जुन्यांपैकी नव्यांपेक्षा कमी पगार असलेले ६० जण सध्या कामावर आहेत. या सगळ्यांना महिना १,५०० वाढवले तर वर्षाला १०.८ लाख लागतील. ते भरून निघायला ३१ जणांची गळती थांबायला हवी. गेल्या वर्षी वर्षाहून जुन्यांपैकी एकूण गेले ४५. दोन तृतीयांशाहून जास्त गळती एका पगारवाढीने थांबेल असं मानणं धाडसाचं आहे.

म्हणून उपाय नेमका करा. नव्यांना शिकवणाऱ्या, अवघड कॉल घेणाऱ्या २५ जणांची 'सीनियर एजंट' अशी पायरी तयार करा आणि त्यांना १,५०० भत्ता द्या. खर्च ४.५ लाख, आणि तो भरून निघायला १३ जण थांबले तरी पुरे. ॲडम्सच्या दृष्टीने हे बरोबर आहे, कारण ज्याचं देणं जास्त त्याचं मिळणंही जास्त होतं. उरलेल्या ३५ जणांची विषमता मात्र तशीच राहते, हेही लिहा. त्यांच्यासाठी पुढच्या पगारवाढीत नव्यांच्या बरोबरीने आणण्याची तारीख जाहीर करावी. अनुभवी एजंट गेल्याने बिघडलेल्या कॉलचा खर्च या ३५,००० मध्ये धरलेला नाही, तोही वाचेल, हे एका ओळीत नोंदवा.

प्रत्येक उपायापुढे कुणी करायचं, कधीपर्यंत आणि यश कशावरून ओळखायचं हे द्या. एकूण गळतीचा दर हे मोजमाप म्हणून पुरेसं नाही. रोस्टरचा उपाय जमला का हे पुढच्या तीन बॅचमधून ९० दिवसांत किती गेले यावरून कळेल. स्क्रीनचा उपाय जमला का हे दोन महिन्यांत इन्सेंटिव्ह मिळवणाऱ्यांचं प्रमाण आणि परत येणारे कॉल यांवरून. भत्त्याचा परिणाम दिसायला निदान दोन तिमाही लागतील.

मास्लो कुठे, आणि मर्यादा काय

मास्लो लिहायचाच असेल तर एका वाक्यात लिहा आणि का वापरला नाही ते सांगा. आपल्या केसमध्ये गरजांची उतरंड तपासता येईल अशी माहितीच नाही. केसमध्ये स्क्रिप्टबाहेर बोलायची मुभा नाही, काम कंटाळवाणं आहे, असं ठळकपणे दिलं असेल तर हॅकमन आणि ओल्डहॅमचं कार्यवैशिष्ट्यांचं प्रारूप वापरा. त्यात स्वायत्तता आणि प्रतिसाद यांना महत्त्वाची जागा आहे. तीन सिद्धांत पुरे. चौथा घेतलात तर एकालाही जागा उरत नाही.

मर्यादांचा परिच्छेद छोटा पण प्रामाणिक ठेवा. हर्झबर्गने मुलाखती घेतल्या त्या पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या, कॉल सेंटरच्या एजंटांच्या नव्हे. शिवाय यशाचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळे त्या दोन याद्या मुलाखतीच्या पद्धतीतूनच आल्या असाव्यात, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आहे. व्रूमचा गुणाकार माणूस थंड डोक्याने हिशेब करतो असं धरून चालतो. ॲडम्स सांगतो की माणूस तुलना करतो, पण कुणाशी करेल हे आधी सांगू शकत नाही: नव्या सहकाऱ्याशी, की शेजारच्या इमारतीतल्या कॉल सेंटरशी. आपल्या केसमध्ये त्या शेजारच्या पगाराची माहिती नाही. ती मिळाल्याशिवाय ४५ जणांपैकी किती जण आतल्या विषमतेमुळे गेले आणि किती बाहेरच्या जास्त पगारामुळे, हे वेगळं काढता येत नाही. त्यासाठी सोडून गेलेल्यांना तीन महिन्यांनी, हिशेब पूर्ण झाल्यावर, कंपनीबाहेरच्या कुणीतरी फोन करून विचारावं, अशी शिफारस या परिच्छेदात जोडा.